नऊ दिवसांची रजा

पावसाळा सुरू झाला की आमच्या शाळेत बी.एड.चे छात्राध्यापक येतात. खांद्याला नवी पिशवी, हातात गुंडाळलेले तक्ते आणि चेहऱ्यावर मुख्याध्यापकांची धास्ती. दोन दिवसांत मुले त्यांना ‘कॉलेजचे सर’, ‘कॉलेजच्या मॅडम’ म्हणू लागतात. आम्ही बी.एड. केले तेव्हा कोर्स एका वर्षाचा होता. ठराविक संख्येचे पाठ घेतले की काम संपायचे. कुणी आजारी पडले तर फुलस्केपवर ‘सविनय अर्ज’ लिहून मैत्रिणीच्या हाती पाठवायचे. तो अर्ज कुठल्या फायलीत जातो, याची कुणाला फिकीर नसे.

आता तसे राहिलेले नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांपासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि दुसऱ्या वर्षात 16 आठवड्यांची शालेय इंटर्नशिप आली. मराठीत तिला आंतरवासिता म्हणतात, पण मुले इंटर्नशिपच म्हणतात. या नियमांत हजेरीचे दोन आकडे आहेत. कॉलेजातल्या तासांना आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी चालते, इंटर्नशिपला मात्र 90 टक्के लागते. हा दुसरा आकडा पुष्कळ मुलांना माहीत असतो, पण त्याचे दिवसांत रूपांतर करून पाहिलेले नसते. 16 आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 96 दिवस. त्यातून सणासुदीच्या सुट्ट्या वगळून आमच्या भाचीच्या शाळेत 90 दिवस भरत होते. 90 चे 90 टक्के 81. म्हणजे चार महिन्यांत हाताशी राहिले फक्त नऊ दिवस.

आमची भाची गेल्या वर्षी इथेच कोल्हापुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मराठी आणि इतिहास हे तिचे विषय. जुलैमध्ये ती आजारी पडली तोवर या नऊपैकी दोन दिवस तिने खर्च केले होते, एक चुलतबहिणीच्या निकाहसाठी आणि एक कुठल्याशा दाखल्याच्या खेपेसाठी. उरले सात.

रविवारी 20 तारखेच्या रात्री तिला ताप भरला. सोमवारी सकाळी तिने मुख्याध्यापकांना फोन करून येत नसल्याचे सांगितले. मंगळवारी ताप 103 वर गेला आणि डोळ्यांच्या मागे दुखू लागले, तेव्हा भावाने तिला राजारामपुरीतल्या एका फिजिशियनकडे नेले. रक्त तपासले, डेंग्यूची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, पुढे दुसरी करावी लागते. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि अंथरूण सांगितले. ॲस्पिरिन किंवा आयब्रुफेनसारखी अंगदुखीची गोळी अजिबात नको, असे दोनदा बजावले, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा भाची उशाशी मोबाईल घेऊन पडली होती. इंटर्नशिपच्या पर्यवेक्षक मॅडमना पाठवायचा मजकूर तिने लिहून ठेवला होता. “मॅडम मला डेंग्यू झालाय, खूप वीकनेस आहे, सॉरी, प्लीज मला समजून घ्या, मी घरून पेपर तपासून देते, काही दिवसांत येते.” अजून पाठवला नव्हता. आम्हाला विचारत होती, “फुफी, एवढं बास आहे ना?”

पोरीची दया आली. पण शाळेत आम्ही स्वतः छात्राध्यापकांचे काम पाहतो, त्यामुळे असा मजकूर आला की समोरच्या माणसाचे काय होते ते ठाऊक आहे. वाचून वाईट वाटते, ‘काळजी घे’ असे उत्तर जाते आणि पुढच्या सकाळी आठवीचा चौथा तास कुणी घ्यायचा हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. तिच्या मजकुरात ‘काही दिवस’ होते, तारीख नव्हती. माफी होती, पण माफी मागण्यासारखे काही घडलेच नव्हते. आणि ‘घरून पेपर तपासून देते’ हे वाक्य तर डॉक्टरांच्या कागदाच्या विरुद्ध जात होते. प्रमाणपत्रात पूर्ण विश्रांती आणि पत्रात घरून काम, हे दोन्ही एका लिफाफ्यात गेले की वाचणारा कशावर विश्वास ठेवणार?

हा ईमेल तीन माणसे तीन कामांसाठी वाचतात. पर्यवेक्षक प्राध्यापिकेला हजेरीचा हिशेब आणि निरीक्षण पाठाची तारीख हवी असते. शाळेच्या मुख्याध्यापकांना उद्यापासूनचे तास भरायचे असतात. मार्गदर्शक शिक्षकाला वर्ग कुठपर्यंत आला आहे ते कळायला हवे असते, कारण वर्ग त्याचा आहे, आपण चार महिन्यांचे पाहुणे आहोत. या तिघांना आपल्याला पुन्हा फोन करावा लागू नये, एवढे लिहिले की पत्र पूर्ण झाले. भाची सांगत गेली आणि आम्ही टाइप करत गेलो. तिच्या परवानगीने, नावगाव काढून, तो ईमेल इथे देतो.

“विषय : वैद्यकीय रजा, 21 ते 28 जुलै – इंटर्नशिप, हजेरी क्रमांक व नाव

आदरणीय मॅडम,

मला डेंग्यू झाल्याचे आज, मंगळवार दि. 22 जुलै रोजी, रक्ततपासणीत दिसून आले. डॉक्टरांनी 22 ते 28 जुलै असे सात दिवस विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. सोमवार दि. 21 रोजीही तापामुळे मी शाळेत जाऊ शकले नाही. त्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक सरांना फोनवर कळवले होते. त्या दिवशी डॉक्टरांकडे गेले नसल्याने त्याचे प्रमाणपत्र नाही. तो दिवस गैरहजेरीत धरावा.

28 तारखेला फेरतपासणी आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यास 29 ला हजर होईन. काय ठरले ते 28 च्या संध्याकाळी कळवीन.

माझ्याकडील काम पुढीलप्रमाणे आहे. आठवीच्या मराठीत विशेषण या घटकाचे पाचपैकी दोन तास झाले आहेत. उरलेल्या तीन तासांची टाचणे तयार असून त्यांचे फोटो जोडले आहेत. नववीच्या इतिहास घटक चाचणीच्या 42 उत्तरपत्रिका माझ्याकडे आहेत. त्यांपैकी 17 तपासून झाल्या आहेत. सर्व 42 उत्तरपत्रिका आणि आदर्श उत्तरांचा कागद माझा भाऊ उद्या सकाळी शाळेत आणून देईल. 24 तारखेचा निरीक्षण पाठ मला घेता येणार नाही. तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आपल्या सोयीने, त्याच वर्गावर मिळावा ही विनंती. कृती संशोधनाची पूर्वचाचणी झाली असून दहापैकी पाच तासिकांचा उपक्रम झाला आहे. उरलेल्या पाच तासिका मी आल्यावर स्वतः घेईन.

या रजेपूर्वी मी दोन दिवस गैरहजर होते. या रजेत शाळेचे सात दिवस जातात. एकूण नऊ. 90 पैकी 81 दिवस भरण्याच्या मर्यादेवर मी येत आहे. रजा वाढवावी लागल्यास भरपाई कशी करावी, याबाबत मार्गदर्शन करावे.

पुढील दोन-तीन दिवस मला फोन घेता येईल असे नाही. निकडीचे काम असल्यास वडिलांच्या क्रमांकावर संपर्क करावा.

आपली विद्यार्थिनी”

खाली वडिलांचा क्रमांक. प्रत मुख्याध्यापकांना आणि मार्गदर्शक शिक्षकांना. जोडलेल्या फायलींना नुसते मोबाईलने दिलेले आकडी नाव न ठेवता `Medical_Certificate_22-28_July.pdf` आणि `Marathi_8th_Lesson_Plans.pdf` अशी नावे दिली. महिन्याभराने कुणी शोधायला गेले तर सापडावी म्हणून. प्रमाणपत्र मात्र फक्त मॅडम आणि मुख्याध्यापक यांना पाठवले, मार्गदर्शक शिक्षकांना बाकीचा मजकूर आणि टाचणे वेगळ्या ईमेलने. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ते टाकायचेच नाही, हे भाचीला निक्षून सांगितले. डेंग्यूचे एक वेळ ठीक आहे. पण मुलींची काही दुखणी अशी असतात की चाळीस जणांनी वाचू नयेत. तेव्हा ईमेलमध्ये ‘आजाराचे स्वरूप प्रमाणपत्रात नोंदले आहे’ एवढेच लिहिले तरी पुरते.

उत्तरपत्रिकांबद्दल भाचीने थोडी कुरकुर केली. उरलेल्या 25 तपासायला किती वेळ लागतो, असे तिचे म्हणणे. पण 42 मुलांचे गुण एका आजारी घरात अडकून पडणे बरे नाही. शिवाय अर्धे पेपर एका हाताने निरोगी असताना आणि अर्धे तापात तपासले, तर गुणदानात फरक पडतोच. आदर्श उत्तरांचा कागद सोबत गेला की दुसरा माणूसही त्याच मापाने गुण देतो. कृती संशोधनाचे नेमके उलटे. तिथे दुसऱ्याने मधल्या तासिका घेतल्या तर शेवटच्या चाचणीतला फरक उपक्रमाचा की नव्या शिक्षकाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून ते काम थांबवून ठेवायचे आणि तसे स्पष्ट लिहायचे. बाकी कामांचे नियोजन लिहिताना हाच विचार ज्याचा त्याने करावा. कुठले काम दुसऱ्याच्या हाती देता येते, कुठले आपली वाट पाहू शकते आणि कुठल्याची तारीख बदलून मागावी लागते.

आता प्रमाणपत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घोटाळे तिथेच होतात.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 चे आचारनियम आहेत. त्यांच्या दुसऱ्या परिशिष्टात रजेच्या प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे. त्यात सर्वांत वर रुग्णाची सही किंवा अंगठा येतो, आणि ती सही डॉक्टरांच्या समोर करायची असते. मग अंगावरच्या ओळखीच्या खुणा. मग आजाराचे नाव, किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणे आवश्यक आहे ते. शेवटी ठिकाण, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. त्याच नमुन्यात दुसरा भाग असतो, बरे झाल्यावर कामावर जाण्यास योग्य असल्याचा, ज्याला आपण फिटनेस म्हणतो. डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद वहीत ठेवायची आणि एक प्रत आपल्याकडे ठेवायची, असेही त्या नियमांत आहे.

पुष्कळदा आपल्याला मिळतो तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा एका ओळीचा मजकूर, ‘ताप, पाच दिवस विश्रांती’. त्यावर ना सुरुवातीची तारीख, ना नोंदणी क्रमांक. दवाखान्यात असतानाच हे पाहून घेतले तर डॉक्टर तिथल्या तिथे पुरे करून देतात. दोन आठवड्यांनी परत गेले की त्यांना आठवतही नाही आणि तसे लिहून द्यायला ते बिचकतात, ते बरोबरच आहे. भाचीच्या कागदावर ओळखीची खूण राहिली होती. भावाने काउंटरवरूनच तो आत परत नेला आणि डाव्या भुवईवरचा जुना व्रण लिहून घेतला.

आणखी एक गोम दिवसांच्या मोजणीत आहे. ‘22 जुलैपासून सात दिवस’ म्हणजे 22 हा पहिला दिवस धरून 28 पर्यंत. 28 ला घरी राहायचे आणि 29 ला शाळेत जायचे. भाचीने आधी 29 पर्यंत लिहिले होते. ईमेलमध्ये एक तारीख आणि प्रमाणपत्रात दुसरी असली की तो एक दिवस विनापरवाना होतो. नऊच दिवसांच्या खात्यात एक दिवस म्हणजे पुष्कळ झाला.

आपल्याकडे मोहल्ल्यातले घरचे डॉक्टर बऱ्याचदा युनानी पदवीचे, बी.यू.एम.एस. असतात. त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेत सापडणार नाही. ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, आयुर्वेदाच्या वैद्यांचीही तिथेच. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र त्याच्या कॉलेजच्या कारकुनाने ‘हा नंबर यादीत नाही’ म्हणून परत केले होते. यादी चुकीची उघडली होती, एवढेच. नोंदणी क्रमांकापुढे कौन्सिलचे नावही लिहून घेतले तर ही हरकत निघत नाही.

सोमवारच्या दिवसावरून घरात थोडे वाजले. भाभीचे म्हणणे, “डॉक्टर ओळखीचे आहेत, एकवीसपासूनचं लिहून द्या म्हणावं. ताप तर होताच ना?” ताप होता हे खरे. पण डॉक्टरांनी तिला पाहिले मंगळवारी. भावाने शब्द टाकून पाहिला. डॉक्टर चिडले नाहीत. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार रविवार रात्रीपासून ताप’ एवढे त्यांनी लिहून दिले, पण विश्रांतीची तारीख 22 च ठेवली. केसपेपर मंगळवारचा, वहीतली नोंद मंगळवारची, मग प्रमाणपत्र सोमवारपासून कसे देणार? खोटे प्रमाणपत्र देणे हे त्या आचारनियमांत गैरवर्तन धरले आहे आणि त्यासाठी डॉक्टरांचे नाव नोंदवहीतून निघू शकते. आपल्या एका दिवसासाठी ते दुसऱ्याच्या रोजीरोटीवर कशाला घालायचे? म्हणून सोमवार ईमेलमध्ये आहे तसा लिहिला, प्रमाणपत्र नाही हेही लिहिले. पुढे मॅडमनी भाचीला सांगितले की हे वाक्य वाचल्यावर बाकीच्या तारखा पडताळायची गरजच त्यांना वाटली नाही.

शुक्रवारी, 25 ला, ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसे वाटले. भाची म्हणाली, “शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, जाऊन येते. एक दिवस वाचेल.” इथे मात्र डेंग्यू इतर तापांपेक्षा वेगळा आहे आणि रजेचे दिवस ठरवताना ते ठाऊक हवे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास जास्त जोखमीचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, रक्तदाब घसरू शकतो, प्लेटलेट कमी झालेल्या असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, एकदम सुस्ती किंवा बेचैनी यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, सीपीआर असो की खासगी. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो म्हणून माणूस उठतो आणि तिथेच फसतो. डॉक्टरांनी सात दिवस लिहिले ते तापाचे दिवस मोजून नव्हे, तर ताप उतरल्यानंतरचे हे दिवसही त्यात धरून. शनिवारी भाची घरीच राहिली, तोंड फुगवून.

28 ला फेरतपासणीत प्लेटलेट चढत्या होत्या, पण उभे राहिले की चक्कर येत होती. सलग चार तास फळ्यासमोर उभे राहणारीला डॉक्टर कसे सोडतील? त्यांनी आणखी तीन दिवस वाढवले, 29 ते 31. म्हणजे खाते आता नऊवरून बारावर गेले. 90 तून 12 गेले, 78 राहिले, आणि हवे होते 81.

त्या संध्याकाळी भाची रडली. तीन दिवसांसाठी इंटर्नशिप अपुरी राहिली तर वर्ष जाते की काय, ही भीती खोटी नव्हती. तिच्या कॉलेजात वैद्यकीय प्रमाणपत्राने गैरहजेरीचे कारण मान्य होते, पण त्याने हजर दिवसांची संख्या वाढत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि आमच्या पाहण्यात बहुतेक मुले त्यांची गल्लत करतात. प्रमाणपत्र दिले म्हणजे दिवस भरला असे समजून ती निर्धास्त राहतात आणि सत्राच्या शेवटी कमी भरलेल्यांच्या यादीत नाव पाहून धावाधाव करतात. तोवर शाळेच्या परीक्षा सुरू झालेल्या असतात, भरपाईला वर्गच मिळत नाही.

दुसरा ईमेल पहिल्यालाच उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे सगळा इतिहास एका ठिकाणी राहिला. तो अगदी छोटा होता. रजा 31 पर्यंत वाढल्याचे, वाढीव प्रमाणपत्र जोडल्याचे, 1 ऑगस्टला फिटनेस घेऊन हजर होत असल्याचे. आणि शेवटी दोन वाक्ये : “आता माझे तीन दिवस कमी पडतात. 16 आठवडे संपल्यावर लगेच पुढचे तीन दिवस याच शाळेत काम करण्याची परवानगी मिळावी, मुख्याध्यापक सरांची तयारी असल्याचे त्यांनी फोनवर सांगितले आहे.” नुसते ‘काय करू’ विचारण्याऐवजी मार्ग सुचवला आणि ज्याची संमती लागते त्याला आधी विचारून घेतले. मुख्याध्यापकांशी भावानेच बोलून घेतले होते. मॅडमना प्राचार्यांकडे नेण्यासाठी तयार प्रस्ताव मिळाला. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, दोन ओळींचे. परवानगी मिळाली, मात्र वाढीव तीन दिवसांचे मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे स्वतंत्र हजेरीपत्रक लागेल आणि मूळ प्रमाणपत्रे हजर झाल्यावर कार्यालयात जमा करावीत.

मूळ प्रती जमा करण्यापूर्वी झेरॉक्स काढून ठेवा, हे आम्ही सांगितले. आणि जमा करताना आवक क्रमांक आणि तारीख झेरॉक्सवर टाकून घ्या, हेही. कॉलेजच्या कपाटांवर आमचा तेवढा भरवसा नाही.

दरम्यान शाळेत आठवीचे तीन तास तिच्याबरोबरच्या दुसऱ्या छात्राध्यापिकेने घेतले, भाचीच्याच टाचणांवरून. तिसऱ्या टाचणात भाचीने बाजारातल्या भाज्यांची विशेषणे सांगायचा खेळ ठेवला होता. मुलांनी त्यात हिरवी मिरचीपासून सुरुवात करून थेट वर्गातल्या सरांपर्यंत मजल मारली, असे कळले. उत्तरपत्रिका बुधवारीच पोहोचल्या होत्या, मार्गदर्शक सरांनी शनिवारपर्यंत उरलेल्या 25 तपासल्या आणि नववीचे गुण वेळेवर लागले.

भाची शुक्रवारी 1 ऑगस्टला फिटनेस घेऊन हजर झाली. पहिले दोन दिवस मुख्याध्यापकांनी तिला बसून करायची कामे दिली. निरीक्षण पाठ 6 ऑगस्टला त्याच आठवीवर झाला. कृती संशोधनाच्या पाच तासिकांना दहा दिवसांचा खंड पडला होता. तो खंड अहवालात नोंदव, लपवू नकोस, असे मॅडमनी सांगितले. अहवालाच्या मर्यादांच्या पानावर तिने तो तारखांसह लिहिला. वाढीव तीन दिवस ऑक्टोबरात भरले आणि हजेरीपत्रकावर 81 चा आकडा आला, एकही जास्त नाही.